राजाच्या दहाव्या वाढदिवसाला मित्राला काय लिहावं

प्रश्न: माझ्या मित्राच्या घरचा देशी कुत्रा, राजा, येत्या रविवारी दहा वर्षांचा होतोय. पिल्लू असताना त्याने त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. मित्राची आई त्याला ‘आमचा धाकटा’ म्हणते. हल्ली त्याचे पाय दुखतात म्हणून त्यांनी हॉलभर सतरंज्या अंथरल्यात. मला मित्राला मनापासून काहीतरी लिहायचंय, पण ‘बाळा’, ‘पाप्या’ वगैरे लिहिलं की माझं मलाच खोटं वाटतं. काय लिहू?

उत्तर:

मेसेज राजाला लिहू नका, मित्राला लिहा. विषय राजा असू दे, पण वाचणारा मित्र आहे. कुत्र्याला उद्देशून लिहायला बसलं की आपला सूर आपोआप बोबडा होतो. समोर लहान मूल असल्यासारखे शब्द येतात, मग पाप्या येतात, मग भुंकण्याचे आवाज येतात. तुम्हाला खोटं वाटतंय ते प्रेमामुळे नाही, त्या बोबडेपणामुळे.

मित्राच्या आजोबांची पंचाहत्तरी असती तर तुम्ही मित्राला काय लिहिलं असतं? ‘आजोबांना नमस्कार सांग. परवा ते एकटेच भाजी घेऊन येताना दिसले, तब्येत छान वाटली.’ म्हणजे त्या माणसाची नेमकी आठवण, तब्येतीची चौकशी आणि घरच्यांसाठी एखादा शब्द. राजासाठी हाच सूर धरा. घरातला माणूस मानणं म्हणजे त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलणं. त्यासाठी नात्याचे दहा शब्द जोडावे लागत नाहीत.

नात्याचा शब्द वापरायचाच असेल तर त्या घरात जो चालतो तोच घ्या, आणि ज्याचा आहे त्याच्या नावावर ठेवा. काकू त्याला धाकटा म्हणतात ना? मग ‘काकूंचा धाकटा’ असं लिहा. त्या घराची भाषा तुम्ही ऐकली आहे आणि लक्षात ठेवली आहे हे त्यातून कळतं. ‘माझा लाडका भाचा’ हे नातं मात्र तुम्ही बाहेरून आणून चिकटवता, म्हणून ते टोचतं. ‘तुझं बाळ’, ‘तुझं लेकरू’ या शब्दांबाबत तर मी फारच सांभाळून राहते. मूल नसलेल्या, मूल गमावलेल्या किंवा लग्नाच्या प्रश्नांना कंटाळलेल्या माणसाला हा शब्द बाहेरच्याने लिहिलेला लागू शकतो. तो स्वतः म्हणत असला तरीही. त्याचं म्हणणं वेगळं, आपलं म्हणणं वेगळं.

सर्वनामाचंही तसंच. त्या घरात राजा ‘तो’ असतो, ‘ते कुत्रं’ नसतो. हे उघड वाटतं, पण मांजरांच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. ‘तुमचं मांजर किती वर्षांचं झालं?’ हा प्रश्न मांजरवाल्या घरात कानाला खटकतो, कारण त्यांच्यासाठी ती मनी आहे किंवा तो बोका आहे.

आता खरी गोष्ट, तपशील. तुमच्या मेसेजमध्ये एक तरी वाक्य असं हवं जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याबद्दल लिहिता येणार नाही. ‘किती गोड आहे’, ‘किती इमानदार आहे’ ही वाक्यं कुठल्याही कुत्र्याला लागू होतात. म्हणून त्यांना वजन नसतं, आणि ते वजन आणायला मग उद्गारचिन्हं आणि हृदयं वाढत जातात.

तपशील शोधताना बहुतेकजण कुत्रा काय करतो तेवढंच आठवतात. तो शेपटी कशी हलवतो, बेल वाजली की काय करतो. ते चांगलंच आहे. पण त्याहून जास्त पोचतं ते त्या घराने त्याच्यासाठी काय बदललं हे. तुम्ही प्रश्नात सहज सांगून गेलात त्या सतरंज्या घ्या. म्हातारपणी कुत्र्याचे सांधे दुखायला लागले की गुळगुळीत फरशी त्याचा शत्रू होते. मागचे पाय दोन्हीकडे सरकतात, एकदोनदा पडला की तो त्या खोलीतून जायलाच बिचकतो. म्हणून घरं सतरंज्या, पायपुसणी, योगाच्या चटया जे मिळेल ते अंथरतात. पाहुण्यांना तो पसारा दिसतो. घरच्यांना रोज झाडताना ते सगळं उचलून पुन्हा घालावं लागतं. त्या कष्टाची दखल बाहेरून कुणी घेत नाही. तुम्ही घेतलीत तर तुमच्या मित्राला जे वाटेल ते ‘राजा किती क्यूट’ने कधीच वाटणार नाही.

अशा गोष्टी प्रत्येक प्राणी असलेल्या घरात सापडतात. दिवाळीचे चार दिवस कुठेच न जाणारी माणसं, फटाक्यांचा आवाज दबावा म्हणून खिडक्या लावून टीव्ही मोठा ठेवणारी माणसं, गावी जायचं तर ट्रेन सोडून गाडी ठरवणारी माणसं, सोफ्यावर चढता यावं म्हणून समोर पाट ठेवणारी माणसं. तुम्ही त्या घरी जाता-येता, तुम्हाला यातलं काहीतरी दिसलंच असेल. ते एकच घ्या. तीन घेतलीत तर मेसेजचं भाषण होईल.

वयाबद्दल. ‘म्हणजे माणसाच्या हिशोबात सत्तर वर्षांचा झाला की!’ हे लिहू नका. एका वर्षाला सात हा हिशोब प्रचलित आहे, पण बरोबर नाही. एक वर्षाची कुत्री पिल्लं देऊ शकते, तेव्हा ती सात वर्षांच्या मुलीएवढी नसते, साधारण पंधराच्या आसपास धरतात. दुसऱ्या वर्षात आणखी नऊएक वर्षं, आणि तिथून पुढे मध्यम अंगाच्या कुत्र्याला दरवर्षी चार-पाच. फार मोठ्या जातीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, लहान अंगाचे उशिरा. मध्यम देशी कुत्रा दहाव्या वर्षी माणसाच्या साठीच्या आसपास येतो. म्हातारा, पण थकून संपलेला नाही. मित्राला हे बहुधा माहीतच असेल, आणि सत्तरचा आकडा वाचून त्याच्या मनात पहिलं काय येईल हे तुम्हीच ओळखा.

त्याच कारणाने ‘शंभर वर्षं जग’, ‘उदंड आयुष्य लाभो’ हे टाळा. माणसाला हे आशीर्वाद शोभतात, कारण ते थोडेफार शक्य असतात. दहा वर्षांच्या कुत्र्याच्या माणसाला आपल्याकडे किती वेळ आहे हे रोज ठाऊक असतं, आणि अशक्य आशीर्वाद त्याला नेमकी तीच आठवण करून देतो. फ्लेक्सवरच्या शुभेच्छांची भाषा, ‘गल्लीची शान’, ‘भावी नगरसेवक’ वगैरे, चार मित्रांच्या ग्रुपवर एक दिवस हसवते. तुम्हाला हवंय ते त्यातून मिळणार नाही.

मग शुभेच्छा द्यायची कशाची? जे राजाला खरोखर हवं आहे आणि मिळू शकतं त्याची. पाय कमी दुखोत. थंडीत सांधे आखडतात, तेव्हा हिवाळा सोपा जावो. यंदा गल्लीत फटाके कमी वाजोत. भाकरीचा तुकडा वेळेवर मिळत राहो. या इच्छा लहान आहेत, पण त्या घरात त्यांचा रोज विचार होतो. तब्येतीचा उल्लेख करायला घाबरू नका. मित्राने स्वतः सतरंज्या अंथरल्यात, त्याच्यापासून काही लपलेलं नाही. फक्त दुखण्याच्या वाक्याजवळ राजा अजून काय करतो तेही असू दे. तोंडावरचे केस पांढरे झालेत हे लिहायचं असेल, तर त्याच वाक्यात तो अजून जिन्यावरची पावलं ऐकून दाराशी येतो हेही लिहा. डोळ्यांत निळसर झाक दिसत असेल तर ‘आंधळा होतोय का?’ असं मेसेजमध्ये विचारू नका. सात-आठ वर्षांनंतर बऱ्याच कुत्र्यांच्या डोळ्यांतलं भिंग घट्ट होऊन अशी झाक येते, आणि बहुतेकदा तो मोतीबिंदू नसतो. नजर बरीचशी शाबूत असते. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

तारखेबद्दल एक गोष्ट. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाची जन्मतारीख बहुतेक वेळा ठरवलेली असते. पिल्लाला साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे पडून कायमचे यायला लागतात, आणि सहा-सात महिन्यांत 42 दातांचा पूर्ण जबडा तयार होतो. तोवर पशुवैद्य दात बघून वय बऱ्यापैकी जवळ सांगू शकतात. पुढे दातांची झीज आणि किटण यावरून फक्त अंदाज. रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्यांची विण पावसाळ्यानंतरची असते, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ देशी कुत्र्यांचे वाढदिवस थंडीत येतात. काही घरं घरी आणलं तोच दिवस वाढदिवस म्हणून करतात. हे सगळं सांगायचं कारण, ‘खरी तारीख कशी कळली तुला?’ हा प्रश्न मेसेजमध्ये येऊ देऊ नका. त्या घराने एक दिवस निवडला आहे. उलट तो घरी आला तेव्हाचं तुम्हाला काही आठवत असेल तर ते सोनं आहे. दहा वर्षांची मैत्री असेल तर आठवेलच.

आता लिहून बघू. सहसा जातो तो मेसेज असा असतो:

‘हॅपी बर्थडे राजा बाळा!!! माझ्या लाडक्या भाच्याला हजारो पाप्या. भौ भौ! तू जगातला सगळ्यात बेस्ट डॉगी आहेस. शंभर वर्षं जग आणि मामाला असाच त्रास देत राहा.’

यात वाईट हेतू कुठेच नाही. पण राजा हे नाव पुसून टायगर लिहिलं तर काहीही बदलत नाही. मित्राचा उल्लेख नाही, काकूंचा नाही. नातं तुमचं आहे, त्यांचं नाही. आणि शंभर वर्षं आहेतच.

मी असा लिहीन. काही तपशील मी गृहीत धरलेत, तिथे तुमचे खरे घाला:

‘राजा दहा वर्षांचा झाला! तुला आणि काकूंना खूप शुभेच्छा. तू त्याला आणलंस तेव्हा तो दोन दिवस पलंगाखालून बाहेर आला नव्हता, आणि आता तुमच्या घरी कोण आलंय हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. मागच्या वेळी आलो तेव्हा हॉलभर सतरंज्या पाहिल्या. त्याला नीट चालता यावं म्हणून तुम्ही रोज किती करता, ते तेव्हा नीट कळलं. काकूंचा धाकटा असाच जेवणाच्या वेळी त्यांच्या पायाशी येऊन बसत राहो, यंदाच्या थंडीत त्याचे पाय कमी दुखोत. रविवारी संध्याकाळी येतो त्याला भेटायला. चालेल ना?’

पहिल्या दोन वाक्यांत शुभेच्छा कुणाला हे स्पष्ट आहे. तिसऱ्यात तेव्हा आणि आता एकत्र आलंय, त्यामुळे दहा वर्षं हा आकडा नुसता आकडा राहत नाही. सतरंज्यांचं वाक्य या मेसेजचं काळीज आहे. तिथे मी ‘तुम्ही किती महान आहात’ असं लिहिलेलं नाही, फक्त पाहिलं आणि कळलं एवढंच. कौतुक वाढवलंत की समोरचा संकोचतो आणि ‘अरे त्यात काय’ म्हणून विषय बदलतो. दखल घेतलीत तर तो ती ठेवून घेतो. शेवटी भेटीचं विचारलंय, कारण घरातल्या माणसाच्या वाढदिवसाला आपण भेटायला जातोच. जायचं नसेल तर ते वाक्य काढून टाका, नुसतं म्हणायला ठेवू नका.

मला आमच्या चंपीच्या वाढदिवसाला आजवर आलेला सगळ्यांत चांगला मेसेज शेजारच्या एका काकांचा होता. त्यांना कुत्र्यांचं फारसं प्रेम नाही, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी लिहिलं होतं, ‘चंपी आता माझ्या काठीचा आवाज ओळखते आणि जिन्यात बाजूला होऊन बसते. तिला आज माझ्याकडूनही काहीतरी चांगलंचुंगलं द्या.’ बाळ नाही, पाप्या नाहीत. पण एका म्हाताऱ्या माणसाने आमच्या कुत्रीचं वागणं रोज पाहिलं होतं आणि तिला मान दिला होता. तो मेसेज मी आईला वाचून दाखवला. तुम्हाला प्राणी खूप आवडत नसले तरी हरकत नाही, हे मी त्यावरून सांगते. आवडण्याचं नाटक करू नका. पाहिलेलं खरं लिहा, ते पुरतं.

मेसेज मित्राला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको. ग्रुपवर कुणीतरी भुंकण्याचं स्टिकर टाकतं, कुणीतरी ‘बिर्याणी कधी?’ विचारतं आणि तुमचं सतरंज्यांचं वाक्य त्यात वाहून जातं. राजाचा तुम्ही काढलेला एखादा फोटो असेल तर जोडा, विशेषतः मित्र किंवा काकू त्याच्यासोबत असलेला. कुत्र्याचे फोटो काढणारा माणूस स्वतः त्या फोटोंत जवळजवळ कधीच नसतो, त्यामुळे असे फोटो त्या घरात कमी असतात. ते पुढे फार जपून ठेवले जातात.

काकू मेसेज वाचत नसतील किंवा फोन वापरत नसतील, तर त्यांच्यासाठी मित्राकडे निरोप ठेवा किंवा भेटल्यावर बोला. बऱ्याच घरांत कुत्रा आणतो मुलगा, पण दुपारी त्याला जेवू घालणारी, औषध भाकरीत लपवून देणारी आई असते. शुभेच्छा मुलाला मिळतात. त्यामुळे काकूंचं नाव मेसेजमध्ये हवंच.

हातात काही घेऊन जाणार असाल तर आधी विचारा. दहा वर्षांच्या कुत्र्याला किडनीचं किंवा पोटाचं पथ्य असू शकतं. बेकरीतला केक नको. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, मनुका आणि द्राक्षं किडनीवर उलटू शकतात, कांदा-लसूण रक्ताला वाईट, आणि बिनसाखरेच्या काही गोड पदार्थांतलं झायलिटॉल तर थोडंसंही धोक्याचं असतं. पथ्य नसेल तर मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा उकडलेल्या रताळ्याचे दोन तुकडे, एवढं पुष्कळ. औक्षण करणार असतील तर करू द्या, त्यात हसण्यासारखं काही नाही. फक्त निरांजन त्याच्या मिशांपासून लांब राहील एवढं पाहा.

मांजर असती तर मी थोडं वेगळं लिहिलं असतं. कुत्र्याबद्दल लिहिताना तो तुम्हाला कसा भेटतो हे लिहिता येतं, मांजर कित्येक पाहुण्यांना भेटतच नाही. मग तेच लिहायचं: ‘तुमची मनी मला अजून कपाटावरूनच बघते, पण मागच्या वेळी खाली उतरून दोन मिनिटं दारात बसली होती. मी ते मोजलंय.’ मांजरवाल्या माणसाला त्या दोन मिनिटांची किंमत माहीत असते. ती तुमच्या मांडीवर येऊन बसल्याचं खोटं प्रेम तो लगेच ओळखेल.

आणि रविवारच्या आत राजाची तब्येत बिघडली, डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या, तर हा मेसेज जसाच्या तसा पाठवू नका. वाढदिवस बाजूला ठेवू नका, पण इच्छा छोटी करा. ‘आज राजाचा दिवस आहे, लक्षात आहे माझ्या. आज त्याला बरं वाटू दे. डॉक्टरांकडे जायला गाडी हवी असेल तर मला फोन कर, मी मोकळा आहे.’ एवढंच. थंडीबद्दल, पुढच्या वर्षाबद्दल काही नको. गाडी नसेल तर औषध आणून देण्याचं, काकूंसोबत थांबण्याचं विचारा, जे तुम्ही खरंच करू शकाल ते.

पाठवायची वेळ म्हणाल तर सकाळी, ते दोघं फिरून परत आल्यावर. रात्री बाराला पाठवलात तर फोनच्या आवाजाने बहुधा राजाच आधी उठेल.